मदत हवी आहे: भाड्याच्या घरातला गेमिंग पीसी, कन्सोल आणि जुने गेम्स घरविम्यात कसे घालायचे?

इंदिरानगरचा_ओंकार
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरातल्या सामानाचा विमा काढायचा आहे आणि त्यात सगळ्यात महाग माझं गेमिंगचं सामान आहे. पीएस५चं पक्कं बिल आहे. पीसी २०२१ मध्ये सुटे भाग घेऊन जोडला. तेव्हा टंचाई होती, म्हणून आरटीएक्स ३०६० कार्डच ५८,००० ला पडलं. पीएस२, पीएस३ आणि सत्तरेक डिस्क मात्र लोकांकडून सेकंडहँड घेतल्या. काहींचे पैसे यूपीआयने दिले, काहींचे रोख. बिल एकाचंही नाही. किंमत कोणती लिहू, आणि हे सामान माझं आहे हे कसं दाखवू?

मकरंद_सातपूर
एवढा विचार करू नका. 'भारत गृह रक्षा' घ्या. त्यात घराच्या विमारकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान आपोआप धरलं जातं. यादी नको, बिलं नकोत. मी तसंच केलंय.

शुभदा_कुलकर्णी
मकरंद, तुमचं घर स्वतःचं आहे, म्हणून तुम्हाला ते लागू पडतं. तो २० टक्क्यांचा हिशोब इमारतीच्या विम्यावर चालतो. ओंकार भाडेकरू आहे, इमारतीचा विमा काढला तर मालक काढणार. ओंकारला फक्त सामानाचा विमा घ्यावा लागेल आणि त्यात रक्कम स्वतः जाहीर करावी लागेल. शिवाय यादी नको हे पॉलिसी घेताना खरं आहे. क्लेमच्या वेळी सर्व्हेयर दारात आला की काय काय होतं ते सांगावंच लागतं. मी बरीच वर्षं क्लेमचं काम केलंय, गाडं तिथेच अडतं.

ओंकार, किंमत लिहिताना जुनं बिल बाजूला ठेव. वस्तू पूर्ण गेली तर तशीच किंवा तिच्यासारखी वस्तू घ्यायला जो खर्च येईल तो धरतात. त्या ताकदीचं नवं कार्ड आज ३० हजारांच्या आसपास मिळत असेल, तर ३०च लिही. ५८ लिहून प्रीमियम जास्त जाईल, हातात ५८ येणार नाहीत. याउलट स्वस्तात मिळालेली आणि आता महाग झालेली वस्तू आजच्या भावाने लिही. दर नूतनीकरणाला भाव पुन्हा बघ.

मालकीसाठी पक्कं बिल उत्तम, पण तोच एक पुरावा नव्हे. कन्सोलच्या मागचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा तोच नंबर आणि तुझ्या खोलीत ठेवलेल्या वस्तूचा फोटो हे तिन्ही जुळले की बरंच काम होतं. सेकंडहँडसाठी यूपीआयची नोंद आणि विकणाऱ्याशी झालेलं चॅट एकत्र ठेव, नाहीतर पैसे कशाचे दिले ते कळत नाही. रोखीच्या खरेदीसाठी विकणाऱ्याकडून आताही दोन ओळी लिहून घेता आल्या तर घे. डिस्क मात्र कपाटात उभ्या लावून, पाठीवरची नावं वाचता येतील असे फोटो काढ.

पंचवटी_वैभव
फोटो घराबाहेर कुठेतरी साठवा हो! ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरात आमच्याकडे पाणी शिरलं, फ्रिजबरोबर बिलांची फाइलही भिजून गेली. आता सगळं स्वतःलाच मेल करून ठेवतो. दुकानाची ती गुळगुळीत कागदाची बिलं तर तशीही वर्षभरात पुसट होतात. बरं, लाइट जाऊन आली आणि पीसी जळाला तर मिळतं ना?

शुभदा_कुलकर्णी
नाही मिळत, वैभव. शॉर्टसर्किटने किंवा दाब वाढून ज्या यंत्रात बिघाड झाला ते यंत्र मूळ पॉलिसीतून वगळलेलं असतं. त्यातून आग लागून शेजारचं टेबल, टीव्ही जळाला तर ते धरतात. पुराचं नुकसान धरतात. नुसती घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर अशी घटना घडल्यावर ७ दिवसांच्या आत त्यामुळे झालेली चोरीच त्यात येते. तळमजला आहे, तर घरफोडीचं संरक्षण वेगळं माग.

रोहन_जीटी
स्टीमवर माझे ऐंशी हजारांचे गेम्स आहेत. तेही यादीत टाकता येतील की.

शुभदा_कुलकर्णी
तो वापराचा परवाना आहे, घरातलं सामान नव्हे. पीसी जळला तरी खात्यात गेम्स तसेच राहतात, मग नुकसान कसलं दाखवणार?

इंदिरानगरचा_ओंकार
शुभदाताई, खूप आभार. कार्ड ३० ला धरतो, पावत्या आणि चॅट आजच गोळा करतो. एक राहिलंच. दोन खास आवृत्त्या अजून सीलबंद आहेत. तशा नव्या आता बाजारात येतच नाहीत आणि हौशी लोक त्यांना चांगले पैसे मोजतात. त्यांचं काय?

शुभदा_कुलकर्णी
मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कलम घेता येतं. तिथे किंमत आधीच ठरवून घेतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. पण ते कलम दागिने, चित्रं, पुराणवस्तू डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. सीलबंद गेम त्यात बसवायचा का, हे कंपनीवर आहे. एजंटच्या तोंडी 'हो'वर जाऊ नकोस. वस्तूंची नावं आणि किंमत लिहून कंपनीला मेल कर, उत्तर आल्यावरच प्रीमियम भर आणि पॉलिसीच्या कागदावर त्या वस्तू नावानिशी आल्यात का ते तपास.

मकरंद_सातपूर
नकार आला तर त्या साध्या सामानातच धरायच्या ना?

शुभदा_कुलकर्णी
हो, पण मग हौशी बाजाराचा भाव मिळेल असं धरून चालू नका. सर्व्हेयर तोच गेम साध्या आवृत्तीत केवढ्याला मिळतो ते बघू शकतो. ओंकार, मेलचं उत्तर काय येतं ते इथे नक्की टाक.