भाडं वाढलं तरी थाळीचा दर तोच?

> "जागेचं भाडं वाढलं की दर वाढवायलाच हवा ना? स्थिर खर्च दर ठरवताना धरायचा नाही, हे काही पटत नाही."

शिकवणीत मी सदाशिव पेठेतली एखादी खाणावळ घेतो. आकडे सोयीसाठी धरलेले.

"थाळी १०० रुपये, धान्य, भाजी, गॅस मिळून ६०. महिन्याला १००० थाळ्या. भाड्याआधी हातात किती?"

"४० हजार, सर."

"दर ११० केला आणि थाळ्या ७०० वर आल्या तर?"

"थाळीमागे ५०... ३५ हजार."

"भाडं ३० हजार. वजा कर."

"१० हजार आणि ५ हजार."

"आता भाडं ४० हजार झालं."

"शून्य, आणि ५ हजार तोटा. म्हणजे १००च बरा!"

"भाडं दोन्हीकडून सारखंच वजा होतं, म्हणून."

"आणि गॅस महागला तर?"

"तो थाळीगणिक लागतो. थाळी कमी केली की वाचतो, म्हणून दर ठरवताना तो धरायचाच."

"पण शून्य नफ्यात चालवायचं कशाला?"

"करार आहे तोवर बंद ठेवलं तरी ४० हजार द्यायचेच. थाळीला ६०सुद्धा मिळेनात, तर मात्र आजच बंद."

"आणि करार संपल्यावर?"

"तेव्हा भाडं टाळता येतं, म्हणून तेव्हा ते हिशेबात धरायचं. परवडत नसेल तर जागा सोडायची. अशा बऱ्याच खाणावळी उठल्या की उरलेल्यांकडे गिऱ्हाईक वाढतं आणि मग दर चढतो."

भाडेवाढ दरात दिसते ती अशी, उशिरा.