दोन शब्दांच्या सांध्यात दडलेला शब्द तुम्ही कसा ओळखता? नाशिककरांचे अनुभव

वाक्यकोड्यात एका शब्दाचा शेवट आणि त्याला लागून येणाऱ्या शब्दाची सुरुवात मिळून तिसराच शब्द तयार होतो. 'मुलांना शिकवायला नवीन बाई आल्या' या वाक्यात आपल्या शहराचे नाव आहे, हे आमच्या इंदिरानगरच्या वाचक गटात काहींना लगेच दिसले, तर काहींना दाखवून दिल्यावरही पुन्हा शोधावे लागले. हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी सर्वांना आपापली पद्धत उदाहरणासह लिहिण्याची विनंती केली होती. आलेले अनुभव पुढे देत आहे.

गंगापूर रोड, महाविद्यालयीन विद्यार्थी

माझी पद्धत सोपी आहे. शब्दांमधली मोकळी जागा मनातून काढून टाकायची आणि संपूर्ण वाक्य एका दमात मोठ्याने म्हणायचे, म्हणजे लपलेला शब्द कानावर येतो. 'नाशिक' मला असाच सापडला. 'तिने नवा दळणाचा डबा आणला' यातले 'वादळ'ही मी म्हणूनच ओळखले. त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानावर विसंबावे, असे माझे मत आहे.

पंचवटी, निवृत्त मुद्रितशोधक

वरील पद्धत अर्ध्या कोड्यांना लागू पडते, आणि कोणत्या अर्ध्या, हे सांगता येते. 'ना' आणि 'वा' ही अक्षरे शब्दाच्या शेवटी पूर्ण उच्चारली जातात, म्हणून ती पुढच्या शब्दाला सहज चिकटतात. आता 'त्याने एक मळकट सदरा घातला होता' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. 'एक' म्हणताना आपण शेवटचा 'क' पाय मोडल्यासारखा उच्चारतो, पण 'कमळ' म्हणताना त्याच 'क'मध्ये 'अ' स्पष्ट असतो. कानाला कमळ ऐकू येत नाही, कारण ते तिथे उच्चारलेच जात नाही. ते फक्त लिहिलेले असते. 'तीस तारखेला' यातली सतार आणि 'यात्रेकरूंचा समूह रणरणत्या उन्हात निघाला' यातले हरण अशीच निसटतात. मुरलेला कोडेकार अकारान्त शब्दाचा सांधा मुद्दाम निवडतो.

मी कानाऐवजी सांधे तपासतो. उदाहरणादाखल हे वाक्य घ्या: 'लग्न ठरले परंतु तारीख अजून निघाली नाही.' यात एक वाद्य शोधायचे आहे. वाक्यात सात शब्द, म्हणजे सहा सांधे आहेत. प्रत्येक सांध्याची डावी-उजवी अक्षरे लिहिली की 'ग्न-ठ', 'ले-प', 'तु-ता', 'ख-अ', 'न-नि' आणि 'ली-ना' अशा जोड्या मिळतात. 'ख-अ' पहिल्याच नजरेत सोडून द्यावी, कारण मराठी शब्दाच्या मधोमध सुटा 'अ' क्वचितच येतो. 'ग्न-ठ' आणि 'न-नि' या जोड्या कोणत्याही वाद्याच्या नावात नाहीत. 'ले-प' मध्ये 'लेप' आणि 'ली-ना' मध्ये एक मुलीचे नाव आपोआप तयार झाले आहे, पण ते वाद्य नव्हे. राहिली 'तु-ता', उजवीकडे एक अक्षर सरकले की 'तुतारी' पूर्ण होते.

या उदाहरणात आणखी एक खूण आहे. मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम असल्यामुळे ऱ्हस्व 'तु'ने संपणारे शब्द फार थोडे सापडतात. 'आणि', 'परंतु', 'तथापि' हे त्या नियमाचे नेहमीच्या लेखनातले अपवाद आहेत, म्हणून कोड्याच्या वाक्यात ते दिसले की मी त्यांच्यापुढच्या सांध्याकडे आधी पाहतो. 'तथापि सारासार विचार करावा' यात 'पिसारा' आहे. या उलट 'दुकान' हा शब्द लपवायचा झाल्यास तो 'दु'नंतर तोडता येत नाही, कारण 'दु'ने संपणारा शब्दच मिळत नाही. कोडेकाराला तो 'का'नंतर तोडावा लागतो आणि मग 'बंदुका नव्या होत्या' असे वाक्य तयार होते.

सिडको, गृहिणी

मला अशी कोडी लहानपणापासून आवडतात. पंचवटीचा विषय निघाला म्हणून सांगते, 'वनवास' या शब्दात 'वन' आहे, 'वास' आहे आणि मधोमध 'नवा'ही आहे. अशा शब्दांची मी वहीच केली आहे आणि प्रवासात नातवंडांना त्यातले शब्द विचारते.

*(धागा चालवणारे: आपले उदाहरण सुंदर आहे, मात्र ते एकाच शब्दाच्या पोटातील शब्दाचे आहे. येथे सांध्यावरच्या शब्दांविषयी विचारले होते. वहीत तसे काही असल्यास अवश्य कळवावे.)*

दिंडोरी तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडे छाटणीच्या दिवसांत संध्याकाळी मुलांबरोबर हा खेळ होतो. 'सुभद्रा क्षणभर थांबली' यात फळ शोधायला सांगितले, तेव्हा धाकट्याने 'रा' पासून सुरुवात केली आणि तो अडकला. जोडाक्षर फोडायचे नाही, हे त्याला सांगावे लागले. 'द्रा' हे एक अक्षर आणि 'क्ष' हे दुसरे; शब्दकोड्याच्या एका चौकटीत जेवढे मावते, तेवढे अखंड धरायचे. तसे धरले की 'द्राक्ष' समोरच असते. कोडे करताना जोडाक्षरांचे शब्द मला जास्त आवडतात, कारण 'द्रा'ने संपणारे शब्द कमी असल्याने भलतेच उत्तर तयार होण्याची शक्यता राहत नाही.

देवळाली, प्राथमिक शिक्षिका

मी चौथीच्या वर्गासाठी अशी वाक्ये तयार करते. मुले सर्वांत जास्त चकतात ती काना-मात्रांमुळे. 'एका वळणावर गाडी थांबली' हे वाक्य दिले की निम्मा वर्ग 'कावळा' म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात 'का, व, ळ' एवढेच जुळते आणि पुढे 'णा' येतो. 'ळ'ला काना नाही. मुलांना शेवटचे अक्षर बोट ठेवून वाचायला लावले की चूक त्यांची त्यांना कळते. याच धर्तीचे 'त्याच्या एका सवयीमुळे उशीर झाला' हे वाक्य मात्र निर्दोष आहे आणि त्यात 'कासव' पूर्ण मिळते.

दोन अक्षरी उत्तरे मी टाळते. 'माणूस साधा होता' यात 'ससा' आणि 'हवा घरात येते' यात 'वाघ' आहे, परंतु असे शब्द कोणत्याही लेखात नकळत तयार होत असतात, त्यामुळे मुलांनी दुसरेच उत्तर आणले तर ते चूक कसे म्हणायचे? अनुस्वाराबाबत मात्र मी सवलत देते. 'एका दाराआड' यात 'कांदा' आहे, असे मी मान्य करते.

पंचवटी, निवृत्त मुद्रितशोधक

अनुस्वाराची सवलत मला मान्य नाही. 'कादा' म्हणजे 'कांदा' नव्हे. काव्यातील जुन्या रूपाचा आधार घेऊन 'लोकां दाविली वाट' असे लिहिले, तर 'कांदा' अनुस्वारासह शुद्ध मिळतो.

देवळाली, प्राथमिक शिक्षिका

चौथीच्या मुलाला 'लोकां' हे रूप परके आहे. अनोळखी शब्द दिसताच मूल तिथेच शोधते आणि कोडे संपते. वाक्य स्वाभाविक असणे मी अनुस्वारापेक्षा महत्त्वाचे मानते.

*(धागा चालवणारे: या मुद्द्यावर आमच्या गटातही दोन बाजू आहेत. पुढील कोड्यांत अनुस्वाराची सवलत आहे किंवा नाही, हे कोड्यासोबतच लिहिले जाईल.)*

नाशिक रोड, निवृत्त टंकलेखक

एक व्यावहारिक अडचण कोणी मांडली नाही. छापील कोडे अरुंद स्तंभात असले की नेमका सांधा ओळीच्या टोकाला येऊ शकतो. 'आमची लढत' एका ओळीत आणि 'बलाढ्य संघाशी होती' पुढच्या ओळीत पडले, तर 'तबला' जवळजवळ अदृश्य होतो, कारण नजर ओळ बदलताना मागचे अक्षर सोडून देते. म्हणून मी कोडे हाती घेताच वाक्य कागदावर आडव्या एका ओळीत उतरवून घेतो आणि मगच सांधे पाहतो.