घरच्या कार्यक्रमासाठी चेहरे बदललेला व्हिडिओ: आधी विचारायचं की सरप्राइज द्यायचं?

ओंकार_डोंबिवली

काका-काकूंच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. घरातल्या 17 जणांचे चेहरे एका जुन्या सिनेमातल्या नाचणाऱ्यांना लावून चार मिनिटांचा व्हिडिओ करतोय. फोटो आमच्या फॅमिली ग्रुपमधलेच आहेत. थोरली वहिनी म्हणाली, "सगळ्यांना विचारलंस का?" विचारलं तर सरप्राइज कसलं राहणार? घरच्या घरी गंमत करायला खरंच परवानगी लागते का? आणि मोठ्यांना हे विचारायचं तरी कसं?

नाना_पेणकर

नाही लागत. फोटो त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकलेत, बघणारे घरचेच आहेत आणि हेतू चांगला आहे. डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदासुद्धा वैयक्तिक आणि घरगुती वापराला सूट देतो. आपल्याकडे पुतण्याने काकाला "परवानगी आहे का" विचारलं तर काकालाच परकं वाटतं. दणक्यात करा व्हिडिओ.

अ‍ॅड_वैशाली

नाना, सूट आहे हे बरोबर. पण ती ओंकारला आहे, त्याच्या फोनमधल्या अ‍ॅपच्या कंपनीला नाही. 17 चेहरे कंपनीच्या सर्व्हरवर गेले की त्यांच्याबाबतीत घरगुती काही उरत नाही. 2019 मध्ये चीनमध्ये झाओ नावाचं चेहरा बदलायचं अ‍ॅप एका रात्रीत गाजलं आणि लगेच त्याच्यावर टीकेची झोडही उठली. वापरणाऱ्याने दिलेला चेहरा कंपनीला कायमचा वापरता येईल, असं त्याच्या अटींत लिहिलेलं होतं. कंपनीला अटी बदलाव्या लागल्या.

दुसरं असं की ही सूट फक्त त्या एका कायद्यातली आहे. हाच तुकडा बाहेर फिरला आणि त्यात कुणाची नाचक्की झाली, तर बदनामीचं कलम तिथेच आहे, भारतीय न्याय संहितेचं 356. हेतू चांगला होता हे तुम्ही नंतर सांगाल, पण ज्याचा चेहरा आहे त्याला तोवर शंभर जणांनी पाहिलेलं असतं.

तरीही मी म्हणेन की ओंकारच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात शोधू नका. कायदा वहिनीच्या बाजूने नसला तरी वहिनीचा प्रश्न रास्तच आहे.

एडिटिंगवाला_सांगली

लग्नाचे व्हिडिओ कापायचं काम रोजचं आहे, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो. परवानगी नेमकी कशाची मागायची, हे त्यावरून कळेल.

हे टूल फोटोतला पूर्ण माणूस उचलत नाही. साधारण भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग ते प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने रंगवतं. केस, कान, मान, दागिने, अंग, कपडे सगळं मूळ नाचणारीचंच राहतं. म्हणजे काकूंचा चेहरा वापरू का एवढंच विचारून भागत नाही. तो कुणाच्या अंगावर, कुठल्या कपड्यांत दिसणार आहे, हेच खरं विचारायचं असतं. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदान्नाचा म्हणून जो व्हिडिओ फिरला, त्यात अंग दुसऱ्याच स्त्रीचं होतं. विचारलं दोघींपैकी एकीलाही नव्हतं. घरातही तेच होतं. नव्या सुनेचा चेहरा उघड्या पाठीच्या चोळीवर बसतो आणि समोर तिचे सासरे बसलेले असतात.

दुसरी अडचण रंगाची. चेहरा गळ्याशी जुळावा म्हणून बरीचशी टूल्स त्वचेचा रंग मूळ नाचणारीकडून घेतात. सावळी भाची पडद्यावर चक्क गोरी होते आणि कुणीतरी पटकन म्हणतं, "अगं, किती छान दिसतेस यात!" करणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण मुलीच्या ते जिव्हारी लागतं. गाजलेलं एक मॉडेल चेहरा अवघ्या 128 बाय 128 पिक्सेलमध्ये तयार करतं आणि मग तो ताणून धारदार केला जातो. त्या धार लावण्यात तीळ, सुरकुत्या, देवीचे व्रण पुसले जातात. मान वळली की चष्म्याची काडी तुटते, नथ ओठांवर येते, कुंकू सरकतं. मोबाइलवर हे खपून जातं, 43 इंची टीव्हीवर नाही. म्हणून तयार क्लिप ज्याची त्याला आधी दाखवायची, आणि तीही मोठ्या पडद्यावर.

अ‍ॅप फोटो बाहेर पाठवतं का, याची साधी चाचणी म्हणजे विमान मोड लावून स्वॅप करून बघणं. अडकलं तर काम सर्व्हरवर होतंय. चाललं म्हणजे फोटो कधीच बाहेर जाणार नाही याची मात्र हमी नाही, नेट आल्यावर जाऊ शकतो. आणि ग्रुप फोटो कधीच तसाच्या तसा चढवू नका. एका चेहऱ्यासाठी शेजारचे बारा चेहरेही जातात. आधी कापून घ्या.

शुभदा_गोवा

आमच्याकडे उलटा प्रश्न आहे. धाकटीच्या लग्नाच्या फोटोत वारलेल्या बाबांना बसवायचंय. स्टुडिओवाला म्हणतो दुसऱ्याच्या अंगावर चेहरा लावून देतो. आता बाबांची संमती कुठून आणू?

मृण्मयी_के

शुभदाताई, तुमचा विषय वेगळा आहे, पण मोलाचा आहे. बाबांच्या वतीने एकट्या आईने हो म्हणून पुरेसं नाही, सगळ्या भावंडांना विचारा. आणि छापायच्या आधी आईला एकांतात दाखवा, मांडवात अचानक नको. शक्य असेल तर अंगही बाबांच्याच एखाद्या जुन्या फोटोतलं घ्यायला सांगा. परक्या खांद्यांवरचा नवऱ्याचा चेहरा बायकोला ओळखू येतो.

ओंकार, आता तुझं. विचारायचं ते ग्रुपवर नाही, एकेकट्याला. ग्रुपवर थोरल्या काकांनी अंगठा दाखवला की नव्या सुनेला नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि जे गप्प राहिले त्यांचा होकार धरला जातो. आधी स्वतःच्या चेहऱ्याची पाच सेकंदांची क्लिप करून फोनवर ठेव. "डीपफेक", "एआय" असल्या शब्दांनी काही कळत नाही, क्लिप बघितली की लगेच कळतं.

मोठ्यांशी असं बोलता येईल: "आत्या, कार्यक्रमासाठी एक गमतीचा व्हिडिओ करतोय. हे बघा, यात नाचणारा दुसराच आहे, तोंड माझं लावलंय. तुमचं लावू का? नऊवारीतल्या बाईच्या अंगावर असेल, साधारण दहा सेकंद. हॉलमध्ये सगळ्यांसमोर दिसेल. नको वाटलं तर तुमचा सत्यनारायणाच्या दिवशीचा फोटो आहे तसा दाखवतो, तोही सुंदरच आहे." शेवटचं वाक्य गाळू नकोस. नाही म्हटल्यावर आपण वगळले जाणार असं वाटलं, की माणूस भिडेपोटी हो म्हणतो.

"बघू", "तुझी मर्जी", "आता या वयात कसलं" ही आपल्याकडची नकाराचीच रूपं आहेत. त्यावर पुन्हा आग्रह करायचा नाही. आणि वहिनीला दादाकडून विचारून घेऊ नकोस, तिचं तिलाच विचार.

लहान मुलांच्या बाबतीत आईवडील दोघांचाही होकार हवा आणि मुलाचाही. बारा वर्षांच्या मुलाला बाईच्या अंगावर लावलं आणि ती क्लिप वर्गातल्या पोरांच्या हाती लागली, तर वर्षभर चिडवतील.

नाना_पेणकर

रंगाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो मान्य. पण 17 जणांना इतकं सगळं सांगत बसलं तर कार्यक्रमाच्या दिवशी कोण चकित होणार? वडीलधाऱ्यांना क्लिप दाखवून, कपडे सांगून विचारायचं म्हणजे घरातल्या मोकळेपणाला नाट लागतो. आमच्या पिढीत नकला करायचे, सोंगं काढायचे, कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मृण्मयी_के

नक्कल बघताना नक्कल करणारा समोर दिसतो नाना, आणि कार्यक्रम संपला की नक्कल संपते. इथे फाइल मागे राहते, आणि पाच वर्षांनी ती बघणाऱ्याला आत्या खरंच नाचली असंच वाटेल.

सरप्राइज कुणासाठी आहे ते ठरवा. काका-काकूंसाठी असेल तर उरलेल्या 15 जणांना विचारल्याने ते फुटत नाही. उलट तेही कटात सामील होतात आणि गप्प राहतात.

एडिटिंगवाला_सांगली

होकार दोन वेगवेगळे घ्या: हॉलमध्ये दाखवायला आणि फाइल पाठवायला. भांडणं बहुतेक दुसऱ्यावरून होतात. लॅपटॉपला केबल लावून दाखवा, आधी ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण दोन दिवसांची असते, आणि तोवर कुणी फाइल वेगळी सेव्ह किंवा फॉरवर्ड केली असेल तर ती प्रत राहतेच.

टाइमलाइनवर प्रत्येकाचा तुकडा वेगळा ठेवा. 17 जण आणि चार मिनिटं म्हणजे सरासरी 14 सेकंद. आदल्या रात्री कुणी नको म्हणालं तर तेवढा तुकडा काढून त्यांचा साधा फोटो टाकायला दहा मिनिटं लागतात. सगळं एकात रेंडर करून मूळ प्रोजेक्ट उडवलं असेल तर मात्र तुम्हीच त्यांना "आता राहू दे ना" म्हणायला लागता.

अ‍ॅड_वैशाली

एका गोष्टीवर माझं आणि मृण्मयीचं पटणार नाही. काकूंनाच विचारलेलं नाही आणि सगळ्यात जास्त वेळ चेहरा त्यांचाच दिसणार. उत्सवमूर्ती म्हणून त्यांचा होकार गृहीत का धरायचा? पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये त्या नाराजी दाखवू शकणार नाहीत, हसून साजरं करतील. काका-काकूंचे चेहरे बदलूच नका. त्यांचे खरे फोटो ठेवा आणि नाचू दे बाकीच्यांना.

मृण्मयी_के

त्यांच्या मुलीला विचारून चालणार नाही का? तिला आईची आवड-नावड ठाऊक असते.

अ‍ॅड_वैशाली

आवड ठाऊक असणं वेगळं आणि तिच्या वतीने हो म्हणणं वेगळं. मुलीला जरूर विचारा, पण तिने नको म्हटलं तर थांबण्यासाठी. तिच्या होकाराला काकूंचा होकार धरू नका.

ओंकार_डोंबिवली

काल नऊ जणांना एकेकटं विचारलं. सात जण दोन्हीला हो म्हणाले. धाकटी काकी हॉलमध्ये दाखवायला हो म्हणाली, पाठवायला नाही. थोरली आत्या "बघू रे" म्हणाली, तेव्हा तिचा साधा फोटोच घेतोय. गाणंही बदललं, नऊवारी आणि धोतरातलं समूहनृत्य घेतलं. विमान मोडमध्ये अ‍ॅप चाललं नाही, म्हणून ते काढून टाकलं. पण त्यात आधीच चढवलेल्या सहा फोटोंचं काय करायचं?

एडिटिंगवाला_सांगली

अ‍ॅप काढल्याने खातं जात नाही. पुन्हा टाका, सेटिंगमध्ये जाऊन आधी फोटो आणि मग खातं डिलीट करा, आणि त्यांच्या प्रायव्हसी पानावरच्या पत्त्यावर डेटा पुसण्याची मेल पाठवा. त्या सहा जणांनाही सांगून टाका, त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून जायच्या आत.