शब्दचर्चा: डिफ्लेक्शन म्हणजे विक्षेप, लचक की झोळ?

पानउलटे: घर बांधणाऱ्यांसाठी लाकडी मजल्यांवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. एका वाक्यात ‘डिफ्लेक्शन’वर अडकले, म्हणजे मजला पेलणारी आडवी तुळई, कडी, भाराखाली जेवढी खाली वाकते त्यावर. मी लिहिलं होतं, ‘चल भाराखाली कडीचा विक्षेप गाळ्याच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त नसावा, त्यानुसार कडीची खोली ठरवावी.’ मुद्रितशोधकांनी ‘विक्षेप’ खोडून शेजारी ‘चित्ताचा?’ असं लिहिलं आणि ‘कडीची खोली’वर प्रश्नचिन्ह काढलं. सर्व्हिसेबिलिटीला शब्दकोशात ‘सेवायोग्यता’ आहे, पण तो शब्द नोकरभरतीच्या जाहिरातीतला वाटतो. काय करावं?

शुद्धलेखणी: विक्षेप बरोबरच आहे. वि + क्षिप्, जागेवरून दूर टाकलं जाणं. अभियांत्रिकीच्या मराठी पुस्तकांत तोच छापतात. वाचकाला कळत नसेल तर वाचकाने शिकावं. गाळाही नको, त्याने दुकानाचा गाळा आठवतो.

रंधा: दोन आधारांमधल्या अंतराला गाळा म्हणतातच, तो राहू द्या. ‘खोली’ मात्र काढा, वाचक त्यात पलंग टाकेल. सुतार ‘उभं माप’ म्हणतो. कामावर आमचा शब्द लचक. पाय टाकला की कडी लचकते, उचलला की परत येते. आणि माप ठरवायला ३६० वगैरे लागत नाही. गाळ्याचा विसावा भाग उभं माप घ्यायचं. ४ मीटर गाळा, २०० मिलिमीटर कडी. विषय संपला.

उंबरठा: लचक माणसाच्या कमरेत भरते हो.

मोजपट्टी: विसावा भाग चांगला अंदाज आहे, पण त्यामागे काही गोष्टी गृहीत आहेत. पानउलटे, एक उदाहरण करून पाहा म्हणजे शब्दही सोपा होईल. गाळा ४ मीटर, कड्या दर ४०० मिलिमीटरवर एक, माणसं-सामानाचा म्हणजे चल भार चौरस मीटरला २०० किलो. म्हणजे एका कडीवर मीटरमागे ८० किलो. ४००० भागिले ३६०, मर्यादा आली ११ मिलिमीटर.

कडी ५० रुंद, १५० उभी घेतली आणि लाकडाचा ताठपणा मध्यम, म्हणजे १०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, तर मध्यभागी ती जवळजवळ १९ मिलिमीटर खाली जाते. १७५ उभी घेतली तर १२. थोड्या फरकाने नापास. २०० घेतली तर ८. उभं माप १५० वरून २०० केलं, तेवढ्यात वाकणं निम्म्याहून कमी झालं, कारण कडीचा ताठपणा उभ्या मापाच्या घनाने वाढतो. उलट १५० तसंच ठेवून रुंदी दुप्पट, १०० केली, तर साडेनऊ. पास होते, पण २००च्या कडीपेक्षा दीडपट लाकूड खाऊन.

‘सेवायोग्यते’चा मुद्दाही इथेच आहे. ती १५० ची कडी मोडणार नाही. फळ्यांचं वजन धरूनही तिच्यात चौरस मिलिमीटरला जेमतेम ११ न्यूटनचा ताण येतो. चांगल्या कठीण लाकडाला तो पेलतो. पण तिच्यावर चालताना मजला उसळेल आणि खालचं प्लास्टर चिरेल. मोडण्याची मर्यादा वेगळी, वापरण्याची वेगळी. मी ‘वापरमर्यादा’ लिहिलं असतं.

शुद्धलेखणी: ‘वापरमर्यादा’ म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीख.

खटपट्या: माझ्याकडे वरच्या मजल्यावर गोटी ठेवली की खिडकीकडे घरंगळत जाते. तीन मीटरमध्ये ३० मिलिमीटरचा फरक आहे. ३६० च्या हिशेबाने चालेल ना?

मोजपट्टी: तो विक्षेप नाही, उतार आहे. गोटी खोलीच्या मध्याकडे येत असती तर कडी वाकली म्हटलं असतं. एकाच भिंतीकडे जाते म्हणजे त्या बाजूचा आधार खचला आहे किंवा कडीचं भिंतीतलं टोक कुजलं आहे. ३६० चा त्याच्याशी संबंध नाही. टोकाजवळ टोचा खुपसून पाहा. सहज आत गेला तर आधी खालून टेकू द्या, मग चर्चा.

खटपट्या: टोचा आत गेला. दोन बोटं.

रंधा: मग त्या भिंतीकडचं जड कपाट आजच हलवा. टेकू देताना खाली आडवी फळी घाला, नाहीतर टेकूच जमिनीत जाईल.

उंबरठा: मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या जुन्या घरात माडीला ‘झोळ आलाय’ म्हणायचे. कोणी चालत नसलं तरी तो दिसायचा. रंधांची लचक त्याहून वेगळी वाटते.

मोजपट्टी: वेगळीच आहे. फळ्या आणि कडीचं स्वतःचं वजन कायम असतं. त्याखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू बसत जातं, ओलं असताना बसवलं तर फारच. वरच्या उदाहरणात २०० च्या कडीचा हा भाग सुरुवातीला २ मिलिमीटर असेल, तो पुढे सहज ४ होतो. हा झोळ. माणसं आली-गेली की जे ८ मिलिमीटर, ती लचक. म्हणून दोन मर्यादा लावतात: चल भारासाठी ३६०वा भाग, आणि सगळा भार मिळून बहुतेक २४०वा, म्हणजे इथे पावणेसतरा. पुस्तिकेत ‘चल भाराखाली’ म्हटलंय, तेव्हा ‘झोळ’ लिहिलंत तर अर्थ बदलेल.

रंधा: बघा, लचकच.

शुद्धलेखणी: दोन्हींना मिळून एक शब्द हवाच ना? तोच विक्षेप.

दुमजली: माझ्या मजल्याचा गाळा साडेपाच मीटर. विसाव्या भागाच्या नियमाने २७५ च्या कड्या, ३६० मध्ये व्यवस्थित बसतात असं मला कागदावर दाखवलं होतं. तरी मुलगा धावला की कपाटातले पेले वाजतात. कोण खोटं बोलतंय, कागद की पेले?

मोजपट्टी: कोणीच नाही. मर्यादा गाळ्याचा अंश असल्यामुळे गाळ्याबरोबर ती वाढते. ४ मीटरला ११ मिलिमीटर, साडेपाचला १५. पायाला अंश कळत नाही, मिलिमीटर कळतात. लांब गाळ्याला मी ४८०वा भाग धरतो, आणि कंपनं वेगळी तपासतो. कड्यांमध्ये आडव्या अडण्या घट्ट ठोकल्या आहेत का? त्या नसल्या तर पायाखालची कडी एकटीच भार घेते, शेजारच्या मदतीला येत नाहीत.

दुमजली: अडण्या नाहीत. आणि कड्या ६०० वर आहेत.

रंधा: सहाशेवर कोण लावतं? विसावा भाग चारशेसाठी असतो.

मोजपट्टी: हे आधी सांगायचं होतं, रंधा. ४ मीटरचीच कडी ६०० वर गेली की २०० ची ८ वरून १२ मिलिमीटरवर जाते आणि नापास होते. २०५ च्या आसपास लागतं, म्हणजे बाजारात मिळणारं पुढचं माप. दुमजली, तुमच्या साडेपाच मीटरलाही तेच होणार. चारशेवर ती ११ वाकली असती, सहाशेवर साडेसोळा, आणि मर्यादा १५. म्हणजे तो कागद पुन्हा मागवा. त्यांनी बहुतेक चारशे धरलं.

पानउलटे: सध्या ‘चल भाराखाली कडी मध्यभागी गाळ्याच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त वाकू नये’ असं लिहिलंय. नामच टाळलं. खोलीच्या जागी ‘उभं माप’. शीर्षकाचं मात्र अजून अडलंय, तिथे नाम लागतंच.

शुद्धलेखणी: विक्षेप.

उंबरठा: ‘वाक’ का नाही? वाकणे, वाक.

शुद्धलेखणी: ‘कडीचा वाक’? ‘बाक’ आहे की भाषेत!

रंधा: बाक मुद्दाम देतात, कमानीला. दुमजली, अडण्या टाकायला छत उघडणार असाल तर कड्यांची टोकंही बघून घ्या.