मदत हवी आहे: डिस्लेक्सिया असलेल्या मुलीसाठी धडा मोठ्या अक्षरात टाइप केला, तरी अडखळतेच

बर्डीवाली_आई: लेक चौथीत, मराठी माध्यम. डिस्लेक्सियाचं निदान मागच्या वर्षी झालं. मी वर्डमध्ये उतारा टाइप केला, फॉन्ट २८, Character Spacing मध्ये Expanded ३ पॉइंट, दर ओळीत दोन-तीनच शब्द:

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही
मामाच्या संत्र्याच्या
बागेत गेलो तेव्हा
झाडांना पाणी देणं
चालू होतं.

'संत्र्याच्या' तर ती आता आधीपेक्षाही तुकड्या-तुकड्यांत वाचते. काय चुकतंय?

नागपुरी_बाबा: डोळे तपासले का? आमच्या पोराला चष्मा लागला आणि सगळं सुरळीत झालं.

बर्डीवाली_आई: तपासले हो, नंबर नाही.

टायपोवाला: डिस्लेक्सियाचा खास फॉन्ट मिळतो, तो टाका. आणि अक्षरं जेवढी सुटी तेवढं बरं, असं संशोधन आहे.

विशेष_शिक्षिका: ते संशोधन इटालियन-फ्रेंच मुलांवरचं, रोमन लिपीतलं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. Expanded केलं की ती तुटते, कधी काना-मात्राही अक्षरापासून सुटते. मूल शब्द अखंड बघूच शकत नाही. ते Normal करा आणि अंतर शब्दांमध्ये वाढवा: स्पेस दोनदा द्या. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. फॉन्टचं म्हणाल तर मुक्तासारखा साधा चालतो. २८ मोठा पडतो, ओळ नको तिथे मोडते. १८-२० पुरे. डावीकडून सरळ, दोन्ही कडा जुळवू नका.

खरी चूक ओळी तोडण्यात आहे. तुम्ही शब्द मोजून तोडलं, म्हणून 'संत्र्याच्या' एका ओळीवर आणि 'बागेत' दुसऱ्या ओळीवर लटकलं. बोलताना जिथे थांबतो तिथे तोडा:

उन्हाळ्याच्या सुट्टीत
आम्ही मामाच्या संत्र्याच्या बागेत गेलो
तेव्हा झाडांना पाणी देणं चालू होतं.

चार-पाच ओळींनंतर मोठी मोकळी जागा. आणि कागद फिकट पिवळसर, हा मात्र माझा अंदाजच, काहींना आवडतो.

बर्डीवाली_आई: केलं. ओळी सलग वाचल्या, पण 'संत्र्याच्या'ला थांबलीच.

विशेष_शिक्षिका: मग तो मांडणीचा प्रश्न नाही, 'त्र्य'चा आहे. खात्री करायची तर दोन नवे, सारख्या अवघडपणाचे उतारे घ्या. एक जुन्या मांडणीत, एक नव्या. एकच उतारा दोनदा नको, पाठ झाल्यासारखा होतो. कुठे अडते त्यावर खूण करा. दोन्हीकडे त्याच जोडाक्षरांवर अडली तर ती अक्षरं आधी वेगळी शिकवा. मोठा फॉन्ट वाचायला शिकवत नाही.

धरमपेठची_ताई: मी तर अवघड शब्दच गाळते बाप्पा, 'संत्र्याच्या बागेत'ऐवजी 'बागेत'. चालतं का?

विशेष_शिक्षिका: घरी सरावाला चालेल. पण मग वर्गात प्रश्न 'कशाची बाग?' असा आला तर तिच्याकडे उत्तरच नसणार.

बर्डीवाली_आई: शाळेतल्या बाई म्हणतात, परीक्षेत असा कागद मिळणार नाही, सवय लावू नका. यावर कोणाचा अनुभव?

टायपोवाला: आमच्याकडे लेखी अर्ज केला तेव्हा शाळेने असा कागद दिला होता. पण ती दुसरी शाळा.