विषय: नागपूरच्या चिठ्ठ्या, शनिवारच्या आत गोषवारा हवा

मंजिरी, सोमवार रात्री

मंडळी,

शनिवारी कार्यकारिणी बसतेय आणि नागपूरच्या अभ्यासिकेवर जी कार्यशाळा घेतली तिचा गोषवारा माझ्याकडे अजून अर्धाच झालाय. लोकांनी सूचना चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावल्या आणि पटलेल्या चिठ्ठ्यांवर टिकल्या चिकटवल्या, ते सगळं त्यात आणायचंय. भिंतीचे फोटो परवाच टाकलेत, कृपया पुन्हा मागू नका. चिठ्ठ्या १२६. परतीच्या विमानात मी सहा गट पाडले: वेळ, सुविधा, पुस्तकं, शिस्त, पैसे, इतर.

अडलंय ते एका वाक्यावर. 'निर्णय' या मथळ्याखाली मी लिहिलं होतं, "अभ्यासिका जूनपासून २४ तास उघडी राहील." २४ तासांच्या चिठ्ठीवर १७ टिकल्या आहेत, बाकी कुठल्याच चिठ्ठीवर सहाच्या वर नाहीत. आज प्रफुल्लदादा फोनवर म्हणाले की असं काही ठरलंच नव्हतं. मग त्या १७ टिकल्यांचं करू काय?

मंजिरी

अनिरुद्ध, सोमवार रात्री

यात अडण्यासारखं काय आहे कळत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एक्सेलमध्ये टाईप कर, प्रत्येकीला नंबर दे, पुढे गटाचा कॉलम, टिकल्यांचा कॉलम. पिव्होट लावून आकड्यावर सॉर्ट केलंस की विषय वर-खाली लागतात. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त तो विषय मोठा. लोकांनी मत दिलंय, आपण त्यावर चर्चा कशाला करायची?

प्रफुल्ल, मंगळवार (नागपूर)

मंजिरीताई, अनिरुद्धभाऊ,

ठरलं नव्हतं जी. मी शेवटपर्यंत होतो. टिकल्या लावणं झालं तेव्हा सव्वापाच वाजले होते. शेजारच्या गल्लीचे तिघं पाचलाच निघून गेले, त्यांच्याकडे साखरपुडा होता. जागेचे मालक तर आलेच नव्हते. मग ठरवलं कोणी? टिकल्या लावून झाल्या, चहा आला, पोहे आले, अन् तर्रीवरून जी गडबड झाली त्यात कार्यक्रम संपला.

आणखी दोन गोष्टी, फोटोत दिसणार नाहीत म्हणून सांगतो.

एक, आपली भिंत चुन्याची आहे. चिठ्ठीला गोंद कमी अन् चुना जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला गेलो तर ११ चिठ्ठ्या खाली होत्या. जिथे जागा दिसली तिथे मी परत लावल्या. फोटो त्यानंतरचे आहेत.

दोन, पिवळ्या विद्यार्थ्यांच्या, गुलाबी पालक अन् शेजाऱ्यांच्या, हिरव्या कार्यकर्त्यांच्या, असं ठरलं होतं. पिवळं पाकीट दुपारीच संपलं. नंतर पोरांना हिरव्या दिल्या. ताई, तुम्ही 'कार्यकर्त्यांनाही रात्रीची वेळ हवी' लिहिलंय ना, ते पोरांचंच आहे.

नलिनीकाकू, मंगळवार

मी फोटो मोठे करून पाहिले. डाव्या कोपऱ्यात एका चिठ्ठीवर नुसतं 'पाणी' आहे आणि मंजिरीने ते 'सुविधा'मध्ये 'पिण्याच्या पाण्याची सोय' असं लिहिलंय. अगं, मे महिन्यात नागपुरात पाणी म्हणजे कुलरचं पाणी! आमच्या सक्करदऱ्याच्या घरी दुपारी दोनला कुलरची टाकी कोरडी पडायची, आणि बादली कोणी आणायची यावरून माझी आणि वन्सांची भांडणं व्हायची. खोलीत तीस मुलं आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री, पाणी कोण भरणार हे आधी लिहा.

ता. क. दिवाळीच्या फराळाच्या चिठ्ठ्यांचंही असंच झालं होतं. मी 'कमी गोड' लिहिलं आणि तुम्ही शंकरपाळेच रद्द केले.

वसुधाताई, मंगळवार रात्री (धरमपेठ)

मंजिरी,

मला कार्यशाळेला यायला जमलं नाही, पण तीस वर्षं गावोगावी हेच केलंय, म्हणून लिहिते. फोटो छापून घेतले आणि आज दुपारी प्रत्येक चिठ्ठीला पेनने नंबर घातला.

तुझ्या 'वेळ' गटात रात्रीबद्दल १४ चिठ्ठ्या आहेत. तू त्यांना 'रात्री उघडी हवी' असं नाव दिलंस आणि तिथेच त्या एकसारख्या झाल्या. एकेक वाचून बघ. पाच चिठ्ठ्या म्हणतात 'उशिरापर्यंत', किती ते सांगत नाहीत. तीन म्हणतात रात्री ११. दोन फक्त परीक्षेच्या महिन्यांपुरतं मागतात. दोन '२४ तास' म्हणतात, आणि त्या दोन्हींचं अक्षर एकच आहे, 'त'ची शेपूट बघ. उरलेल्या दोन वेळेबद्दल नाहीतच. एकीवर आहे 'गेटसमोर दिवा नाही', दुसरीवर 'मुलींना आठनंतर घरून सोडत नाहीत'.

म्हणजे रात्रभर उघडी ठेवा असं कागदावर एकच माणूस म्हणतोय. मग १७ टिकल्या कुठून आल्या? ती चिठ्ठी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि मार्करने ठळक लिहिलेली आहे. ११ वाजेपर्यंतच्या तीन चिठ्ठ्या तीन ठिकाणी बॉलपेनने लिहिलेल्या, त्यांच्यावर चार, तीन, पाच. त्या तिघी आधी एकत्र केल्या असत्या तर १२ झाल्या असत्या, आणि 'उशिरापर्यंत'वाल्या कदाचित त्यांच्याकडेच गेल्या असत्या. सारख्या चिठ्ठ्या एकत्र न करता टिकल्या वाटल्या की मतं अशी फुटतात. शिवाय एकदा दहा टिकल्या दिसल्या की अकरावा माणूस तिथेच लावतो.

आता याच्याही पुढचं बघ. तुझ्या 'शिस्त' गटात ८८ नंबरची गुलाबी चिठ्ठी आहे, 'रात्री दहानंतर गाड्यांचे हॉर्न'. ९१ वर आहे 'गेटसमोर टोळकी'. या शेजाऱ्यांच्या. त्या 'वेळ'शी थेट भांडतात, पण तू त्यांना दुसऱ्या खणात टाकल्यामुळे ते भांडण गोषवाऱ्यात कुठेच दिसत नाही. कार्यकारिणी वाचेल तेव्हा तिला वाटेल की सगळ्यांना रात्र हवीय आणि काहींना शिस्त हवीय.

प्रफुल्लने परत लावलेल्या ११ चिठ्ठ्यांची जागा धरू नकोस, फक्त मजकूर धर. रंगावरूनही काही सिद्ध करू नकोस. पुढच्या वेळी भिंतीला आधी ब्राऊन पेपर लावा, म्हणजे चिठ्ठ्या टिकतात आणि सगळी गुंडाळी उचलून घरी नेता येते. काढताना खालून वर ओढू नका, बाजूने सोलल्यासारखी काढा, नाहीतर कुरळी होऊन गळते.

'पाणी'बद्दल नलिनी म्हणते तेही अंदाजच आहे. एका शब्दाची चिठ्ठी आली की तिथल्या तिथे विचारायचं असतं. आता 'अर्थ स्पष्ट नाही' असं लिही आणि प्रफुल्लला विचारायला सांग.

श्रीकांत (खजिनदार), बुधवार

एक स्पष्ट करतो. टिकल्या १७ असोत की ७०, ज्यात मंडळाचा पैसा जातो तो निर्णय कार्यकारिणीचा. रात्रीचा चौकीदार म्हणजे दरमहा पगार. कार्यशाळेत फक्त सूचना येतात. गोषवाऱ्यात 'निर्णय' हा मथळाच नको.

आणि टिकल्यांची आठ पाकिटं सीताबर्डीवरून आणली त्याची पावती मला अजून मिळालेली नाही.

अनिरुद्ध, बुधवार

वसुधाताई, पटलं, पण अर्धंच. नंबर द्यायला तुम्हीही सांगताय म्हणजे एक्सेल हवंच. आणि मोजायचं नाही तर मग काय, ज्याने गोषवारा लिहिला त्याच्या मनाला येईल ते? माझ्या ऑफिसात हेच होतं. साहेबाला जे आधीच करायचं असतं तेच भिंतीवरून 'निघतं'. आकडा निदान खोटं बोलत नाही.

आणि मंजिरी, 'इतर'मध्ये २३ चिठ्ठ्या? हा काय गट आहे?

वसुधाताई, बुधवार

अनिरुद्ध, तुझी भीती खरी आहे. म्हणून तर प्रत्येक वाक्याखाली चिठ्ठ्यांचे नंबर द्यायचे, कोणीही फोटो समोर ठेवून ताडून बघावं. मोज जरूर, पण चिठ्ठ्या मोजणं म्हणजे माणसं मोजणं नव्हे. एकाने सहा लिहिल्या असतील, पालकांनी लाजत एकच.

'इतर' तिच्याकडून झालं कारण तिने खण आधी केले आणि चिठ्ठ्या नंतर भरल्या. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी फील्डवर्कच्या नोंदी लावायला जी पद्धत बसवली, तिच्यात उलटं आहे. चिठ्ठ्या आधी एकमेकींजवळ ठेवायच्या, नाव सगळ्यात शेवटी. नाव म्हणजे एक शब्द नाही, पूर्ण वाक्य. 'सुविधा' म्हटलं की काहीही मावतं. 'दुपारी दोन ते पाच खोलीत बसवत नाही' म्हटलं की पाणी, कुलर, पत्रा सगळं तिथे येतं आणि डस्टबिन येत नाही. कुठेच न बसणारी चिठ्ठी एकटी राहू द्यायची, बळेच कोंबायची नाही.

श्रीकांतराव, मथळा काढू नका. पैसा न लागणारं काही ठरलं असेल तर ते ठरलं असंच लिहायला हवं. मी दोनच गोष्टी विचारते. ज्याला ते पाळायचंय तो खोलीत होता का, आणि मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा हरकत आली का?

श्रीकांत, बुधवार

मंडळाची घटना वाचून मग बोलतो. पावती?

मंजिरी, गुरुवार पहाटे

काल रात्री बसून 'रात्री'चा भाग नव्याने लिहिला. कसा वाटतो बघा.

"विद्यार्थ्यांना सध्याच्या आठच्या पुढे बसायचं आहे, किती वाजेपर्यंत यावर एकमत नाही (चिठ्ठ्या १२ ते २३). शेजाऱ्यांना दहानंतरच्या आवाजाचा त्रास आहे (८८, ९१). मुलींच्या बाबतीत अडचण वेळेची नसून येण्याजाण्याच्या वाटेची आहे (२४, २५). ठरलं: काही नाही. २४ तासांच्या चिठ्ठीला १७ टिकल्या मिळाल्या, पण शेजारी आणि जागामालक तेव्हा हजर नव्हते. कार्यकारिणीसमोर प्रश्न: परीक्षेच्या दोन महिन्यांत ११ वाजेपर्यंत उघडी ठेवून बघायची का? पुढचं काम: मालकांशी आणि शेजारच्या तिघांशी बोलणं, प्रफुल्लदादा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत."

खरंच ठरलं असं १२६ मधून एकच सापडलं: चपला आत आणायच्या नाहीत. ते वाचून दाखवलं होतं, सगळे हसले होते आणि हो म्हणाले होते.

'पुढचं काम' या मथळ्याखाली आधी मी सगळीकडे 'सर्वांनी' लिहिलं होतं. आता नावं घालतेय, तर लोकांचे फोन यायला लागलेत की माझं नाव काढ.

प्रफुल्ल, शुक्रवार (नागपूर)

मालकांना भेटलो. रात्री ११ ला त्यांची ना नाही, पण लाइटचं बिल वेगळं मागतात. श्रीकांतरावांनी बघावं. शेजारच्या तिघांपैकी दोघं भेटले. त्यांचं म्हणणं, पोरं बसली तर बसू द्या, पण गाड्या गल्लीत नको, मेन रोडवर लावा. तिसरे लग्नाच्या गडबडीत आहेत, शनिवारच्या आत भेट होणार नाही. तसं लिहा.

'पाणी' कोणी लिहिलं तेही कळलं. आपल्याकडे झाडायला येतात त्या मावशींनी. त्यांना चिठ्ठी कोणी दिली माहीत नाही. पिण्याचंही नाही अन् कुलरचंही नाही. मुलींच्या संडासात नळाला पाणी चढत नाही, त्या रोज खालून बादल्या नेतात. काकू, बादलीचं तुम्ही बरोबर म्हटलं होतं.

नलिनीकाकू, शुक्रवार

मी म्हटलंच होतं.

श्रीकांत, शुक्रवार

मोटर लागेल. किती एचपीची ते विचारून घ्या, आणि कोटेशन दोन आणा, एक नको.