मागच्या तिकोनी तुकड्याचं क्षेत्रफळ: कोटेशनमधले ७३४ चौ. फूट बरोबर आहेत का?

सचिव: मागच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉकचं कोटेशन आलंय. कंपाउंडच्या दोन भिंती १४.२ मी. आणि ९.६ मी. क्षेत्रफळ लिहिलंय ७३४ चौ. फूट. कुणी तपासेल का?

ए-१०४: १४.२ गुणिले ९.६ भागिले २, म्हणजे ६८.१६ चौ. मी. त्याचेच ७३४ चौ. फूट. हा हिशोब कोपरा काटकोनी असेल तरच चालतो. तिथली भिंत चांगलीच फाकलेली आहे.

सी-३०१: मग तिन्ही बाजू मोजून काढूया की.

ए-१०४: काकू, तिसऱ्या बाजूवर बोअरची केबिन आणि बोगनवेल आहे, टेप सरळ जात नाही. पण दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन मिळाला की पुरतं:

```
A = ½ · a · b · sin C
```

बी-२०२: पाया गुणिले उंची भागिले दोन, तेच ना हे?

ए-१०४: तेच. पाया १४.२ ची भिंत. उंची म्हणजे ९.६ च्या भिंतीच्या टोकापासून त्या रेषेवर टाकलेला लंब, आणि तो ९.६ × sin C इतका येतो. आपला कोन काटकोनापेक्षा मोठा असल्यामुळे लंबाचा पाया कोपऱ्याच्या पुढे, भिंतीपलीकडे गल्लीत पडतो. म्हणून गुण्या लावून उंची थेट मोजता येत नाही. साइन वापरायचा तो एवढ्यासाठीच.

सचिव: कोन मोजायचा कसा? मोबाइलमधल्या कंपासने?

ए-१०४: नको. शेजारी गाड्या आणि लोखंडी गेट आहे, त्याने कंपास भरकटतो. टेप पुरे. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर ३-३ मीटरवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर घ्या. टेप ताणून धरा, मध्ये झोळ नको. त्या अंतराचं अर्धं करून ३ ने भागायचं, कॅल्क्युलेटरवर sin⁻¹ घ्यायचा आणि उत्तराची दुप्पट करायची.

बी-२०२: आत्ताच जाऊन मोजलं, ४.९७ मी.

ए-१०४: २.४८५ भागिले ३ = ०.८२८३. sin⁻¹ आला ५५.९°, दुप्पट १११.८°. ११२° धरू. sin ११२° = ०.९२७२, म्हणजे ६८.१६ × ०.९२७२ = ६३.२ चौ. मी., सुमारे ६८० चौ. फूट.

डी-४०४: माझ्याकडे ६०.६६ येतंय, पण पुढे वजा चिन्ह आहे. वजा सोडून दिला.

ए-१०४: तो सोडू नका दादा, चूक त्यानेच दाखवलीय. क्षेत्रफळ वजा येत नाही. तुमचा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, त्याने ११२ रेडियनचा साइन काढला. आकडा खऱ्याच्या इतका जवळ आला हा निव्वळ योगायोग. आधी sin 30 दाबून बघा, ०.५ आलं पाहिजे. एक्सेलमध्ये करणाऱ्यांनी असं लिहा, नाहीतर तिथेही तोच घोळ:

```
=0.5*14.2*9.6*SIN(RADIANS(112))
```

सी-३०१: नातवाने कागदावर आकृती काढली. त्याने १४.२ च्या दुसऱ्या टोकाचा कोन घेतला, २६.५°. उत्तर ३०.४ आलं.

ए-१०४: तो कोन १४.२ आणि तिसऱ्या बाजूच्या मधला आहे, काकू. त्याच्याबरोबर ९.६ चालणार नाही. ज्या दोन भिंती गुणल्या त्या जिथे भेटतात तोच कोन घ्यायचा.

बी-२०२: मोजताना एखादा अंश इकडे-तिकडे झाला तर?

ए-१०४: इथे फार बिघडत नाही. ११२° च्या आसपास एका अंशाने क्षेत्रफळ साधारण ०.७ टक्के बदलतं, म्हणजे पाचेक चौ. फूट. मोठी भिंत १० सेंमी चुकली तरी तेवढाच फरक पडतो. पण कोन २०° सारखा अरुंद असता तर एका अंशाने जवळपास ५ टक्के हलला असता. तसल्या चिंचोळ्या तुकड्याला ही पद्धत जपून वापरावी, शक्य असेल तर तिसरी बाजूच मोजावी.

सचिव: कंत्राटदार म्हणतोय, तिरक्या कडेला ब्लॉक कापावे लागतात, त्याची घट धरून ७३४ आहेत.

ए-१०४: घट धरली असती तर वेगळी ओळ दिसली असती. ७३४ हा काटकोन धरून आलेला आकडा आहे, अगदी जुळतो. क्षेत्रफळ ६८० लिहून घ्या आणि कापाकापीचे जादा ब्लॉक खाली वेगळे मागा. केबिनने व्यापलेली जागाही वजा करायला सांगा, ६८० मध्ये ती धरलेली आहे.

बी-२०२: केबिन मोजून टाकतो. चौकोनीच आहे, तिला साइन लागणार नाही 😄